गणेशोत्सवातला मोठा पडदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळ सूचना जिन्याजवळच्या फळ्यावर लागली होती, ती अशी: "सर्व सभासद व भाडेकरूंना कळविण्यात येते की, उत्सवातील शनिवारी सायं. ७ च्या आरतीनंतर ए व बी विंगमधील मोकळ्या जागेत मोठ्या पडद्यावर चित्रपट दाखविण्यात येईल. प्रवेश विनामूल्य. ऐच्छिक वर्गणी प्रति फ्लॅट २०० रुपये. – कमिटी."

चार ओळींची सूचना. त्यावर दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर एवढे प्रश्न आले की, प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं तर विसर्जन उजाडेल. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. लिहिणारा सेक्रेटरी आहे, त्यामुळे काही ठिकाणी वैताग दिसला तर समजून घ्या.

कोणता चित्रपट आहे?

दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन', १९१९ सालचा. मूकपट आहे. त्याला संगीत आपल्याच सोसायटीतले लोक समोर बसून देणार आहेत: पेटी, तबला आणि झांज. चित्रपट पाऊण तासाच्या आसपासचा आहे. आपण तो थोडा सावकाश चालवणार आहोत (कारण पुढे येईल), म्हणून साधारण एक तास धरा. त्यानंतर दहा मिनिटं प्रसाद आणि मग आपल्याच सोसायटीतल्या जुन्या-नव्या चित्रफिती.

मूकपट? मुलं कंटाळणार नाहीत का?

कमिटीतही पहिला प्रश्न हाच निघाला. म्हणून निर्णयाच्या आधी एका रविवारी ऑफिसमधल्या टीव्हीवर सहा-सात मुलांना बसवून पाहिलं. यात कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी हिने केलंय, म्हणजे पडद्यावरचा कृष्ण मुलांच्याच वयाचा आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला ही मुलगी नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि पाहता पाहता तिचाच कृष्ण होतो. तिथे मुलं गप्प झाली. पुढे लोण्याच्या चोऱ्या आल्या तेव्हा हसली, आणि नागाशी पाण्यातली झुंज आली तेव्हा एकाने उठून ती जमिनीवर करून दाखवली. शंभर वर्षांपूर्वी कुठलाही संगणक हाताशी नसताना ते पाणी आणि तो नाग कसा दाखवला असेल, हे ओळखायची पैज मोठ्यांनीही लावायला हरकत नाही.

मधे मधे पडद्यावर लिखित पाट्या येतात. लहान मुलांना त्या पटकन वाचता येणार नाहीत, म्हणून बी विंगमधल्या जोशी काकू त्या मराठीत मोठ्याने सांगणार आहेत. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस ठेवायची पद्धत होतीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली आपल्या सांगलीतच 'सीता स्वयंवर' नाटक केलं तेव्हा सूत्रधार गाऊन कथा पुढे न्यायचा. सांगलीला हे नवीन नाही.

एखादा नवीन चित्रपट लावला असता तर काय बिघडलं असतं?

गेल्या वर्षी काय बिघडलं ते आठवा. तेव्हा एका सभासदाच्या घरच्या ओटीटी खात्यावरून नवा चित्रपट लावायचा घाट घातला होता. आरती झाली, दीडशे माणसं बसली, बटण दाबलं. संवाद ऐकू येत होते, खालची अक्षरंही दिसत होती, पण चित्र काळं. वीस मिनिटं केबल काढून परत घालण्यात गेली. शेवटी लोक भडंग खात घरी गेले.

दोष प्रोजेक्टरचा नव्हता, आपल्या केबलचाही नव्हता. ओटीटीवरच्या चित्राला कुलूप असतं. लॅपटॉपपासून पडद्यापर्यंतच्या साखळीतल्या प्रत्येक यंत्राने त्या कुलपाची किल्ली दाखवावी लागते. आपला भाड्याचा प्रोजेक्टर जुना, त्याला एचडीएमआयचं तोंड नव्हतं. म्हणून मधे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावला होता. व्हीजीएच्या वायरीत किल्ली देण्याची सोयच नाही, त्यामुळे चित्र अडवलं गेलं. कुठे असं झालं तर ओळखायची खूण सोपी आहे: आवाज येतो, मेनू दिसतो, लॅपटॉपवर साठवलेली आपली स्वतःची फीत नीट चालते, आणि फक्त ओटीटीचं चित्र काळं राहतं. एवढं दिसलं की केबल बदलत बसू नये.

पण समजा चित्र दिसलं असतं, तरी ते दाखवायचा हक्क आपल्याकडे नव्हता. घरचं ओटीटी खातं घरच्यांनी वैयक्तिक पाहण्यासाठी असतं. दीडशे लोकांना अंगणात दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन झालं. तिकीट नाही म्हणून ते चालतं असं नाही, कारण चित्रपट लोकांसमोर आणण्याचा हक्क निर्मात्याचा आहे, फुकट असो वा विकत.

गणपतीचा कार्यक्रम म्हणजे धार्मिक. त्याला कायद्यात सूट असते ना?

हा प्रश्न ए विंगमधल्या वकील साहेबांनीच विचारला आणि नंतर त्यांनीच उत्तर शोधून दिलं. कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभासाठी सूट आहे, पण ती गाणी, नाट्य, साहित्य आणि ध्वनिमुद्रणं यांच्यासाठी. त्या यादीत चित्रपट नाही. आरतीची ध्वनिफीत वाजवणं आणि तीन तासांचा चित्रपट दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग 'कालिया मर्दन' चालतो तो कसा?

मुदत संपल्यामुळे. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट तो प्रदर्शित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९१९ चा चित्रपट कोणत्याही हिशेबाने या मुदतीच्या केव्हाच बाहेर गेला. फाळके १९४४ मध्ये वारले, त्यालाही ६० वर्षांहून जास्त काळ लोटला.

इथे एक बारकावा आहे, आणि मूकपट निवडण्याचं खरं कारण तोच आहे. आधी काही जणांनी १९३०-४० च्या दशकांतले बोलपट सुचवले होते. चित्रपट म्हणून त्यांचीही मुदत संपली आहे. पण त्यांतल्या गाण्यांचा हक्क वेगळा चालतो, आणि तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. एखादा संगीतकार १९७०-८० च्या दशकात वारला असेल, तर चित्रपट मोकळा पण त्यातलं गाणं अजून मोकळं नाही, अशी अडनिडी स्थिती होते. मूकपटात हा गुंता येत नाही.

मात्र मूकपटाच्या आज मिळणाऱ्या प्रतींवर पुष्कळदा कोणीतरी अलीकडे संगीत चढवलेलं असतं. ते संगीत नवं, त्यामुळे त्याचा हक्क जिवंत. म्हणून आपण प्रतीचा आवाज पूर्ण बंद ठेवणार आहोत. तसाही पेटी-तबला समोर असताना तो लागणार नव्हता.

पुढच्या वर्षी खरंच नवा चित्रपट हवा असेल तर?

निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे एका प्रदर्शनाची लेखी परवानगी मागायची. पत्रात जागा, तारीख, अंदाजे किती लोक आणि प्रवेश विनामूल्य आहे, हे लिहायचं. उत्तर यायला आणि पैसे ठरायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम आषाढीच्या सुमाराला सुरू करावं लागेल. ज्यांनी ग्रुपवर सर्वांत मोठ्या अक्षरांत मागणी केली आहे, त्यांनी पत्रव्यवहार अंगावर घ्यावा. कमिटी सही-शिक्का देईल.

एलईडी वॉल का नाही? शेजारच्या मंडळाने लावली आहे.

लावली आहे, आणि ती झकास दिसते हे मान्य. भरदिवसाही चित्र दिसतं. पण आपण दाखवणार आहोत ते रात्री, आणि तेही काळं-पांढरं. एलईडी वॉलचा सगळा जोर उजेडाशी झुंजण्यात असतो. अंधारात ती मंद करून ठेवावी लागते, नाहीतर पुढच्या रांगेतल्या आजींचे डोळे दिपतात.

शिवाय तिचं चित्र सुट्या ठिपक्यांचं असतं. भाड्याने सहसा मिळते त्या वॉलमध्ये दोन ठिपक्यांत साधारण चार मिलिमीटरचं अंतर असतं. ढोबळ नियम असा की, जितके मिलिमीटर अंतर तितके मीटर लांब बसावं. म्हणजे चार मीटर, तेरा फूट. आपल्याकडे मुलं सतरंजीवर दहा फुटांपासून बसणार. त्यांना चेहरा दिसायच्या आधी दाणे दिसतील.

तिसरी गोष्ट विजेची. आपल्या मापाची वॉल पूर्ण उजेडात पाच-सहा किलोवॅट खेचू शकते, म्हणजे जनरेटर आला. प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा मिळून एक किलोवॅटच्या आत बसतात. वॉलचं आपल्याला आलेलं कोटेशन २२,००० रुपयांचं होतं, जनरेटर वेगळा. या तीन कारणांनंतर चौथं कारण शोधायची गरज पडली नाही.

पडदा किती मोठा, आणि तेवढाच का?

रुंदी १२ फूट, उंची ९ फूट. हे माप टीव्हीसारखं लांबट नाही, चौकोनाकडे झुकलेलं आहे, कारण त्या काळचा चित्रपटच चारास तीन या प्रमाणात असतो. लांबट पडद्यावर तो लावला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि पाव पडदा वाया जातो. कोणीतरी रिमोटवरून ताणून पूर्ण पडदाभर करतो, मग कृष्ण आडवा सुटलेला दिसतो. कृपया रिमोटला हात लावू नये.

यात आपला एक फायदा झाला. भाड्याच्या दुकानात जो जुना, ऑफिसांत वापरला जायचा तो प्रोजेक्टर असतो, त्याचं चित्र मुळातच चारास तीन असतं. त्यामुळे नव्या लांबट प्रोजेक्टरपेक्षा तो इथे जास्त कामाचा, आणि स्वस्त. कुलपाची भानगड नसल्याने त्याला एचडीएमआय नाही याचंही काही बिघडत नाही. गेल्या वर्षीचाच प्रोजेक्टर या वर्षी गुणाचा ठरतोय.

उजेडाचा हिशेब असा. १२ गुणिले ९ म्हणजे १०८ चौरस फूट. प्रोजेक्टरवर ३,६०० ल्युमेन लिहिलंय. १०८ ने भागलं तर चौरस फुटाला ३३ येतात. पण भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असतो, भिंगावर धूळ असते, म्हणून निम्मे धरायचे: १६-१७. चित्रपटगृहात पूर्ण अंधारात साधारण १४ असतात. म्हणजे अंधार मिळाला तर आपलं चित्र चित्रपटगृहाच्या जवळपास जाईल. याहून मोठा, समजा १६ बाय १२ चा पडदा घेतला असता, तर तोच उजेड १९२ चौरस फुटांवर पसरून ९ वर आला असता. मग काळ्या-पांढऱ्याचं करडं झालं असतं.

काहींनी घरचे छोटे प्रोजेक्टर देऊ केले, त्याबद्दल आभार. त्यांच्या खोक्यावर आठ-दहा हजार ल्युमेन लिहिलेलं असतं, पण 'एएनएसआय' हा शब्द सोबत नसेल तर त्या आकड्यावर जाऊ नका. त्यातला एक आम्ही सहा फुटी चादरीवर लावून पाहिला. जिन्यातला दिवा लागताच चित्र गेलं.

अंधार कसा करणार? रस्त्यावरचा दिवा तर चालूच राहणार.

पार्किंगचे आणि दोन्ही विंगांच्या दर्शनी बाजूचे दिवे साडेसात ते साडेनऊ बंद ठेवू. जिन्यातले आणि गेटजवळचा एक दिवा चालू राहील, कोणी धडपडायला नको. गणपतीच्या मखराची रोषणाईही तेवढा वेळ बंद, फक्त समई आणि एक छोटा दिवा. याला एक-दोघांनी नाक मुरडलं, पण बाप्पा फाळक्यांना एक तास देतील.

फाटकाबाहेरचा महापालिकेचा दिवा आपल्या हातात नाही. म्हणून पडद्याची पाठ त्याच्याकडे करायची आणि पडद्यामागे काळं कापड लावायचं. काळं कापड नसेल तर मागचा उजेड पांढऱ्या कापडातून आरपार येतो आणि चित्रात एक फिकट डाग कायम राहतो. घाईत हे कापड विसरलं जातं, म्हणून कापड खजिनदारांनी आधीच आणून ऑफिसात ठेवलंय.

पहिल्या मजल्यावरच्यांना विशेष विनंती: खिडकीतला ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर पडदे ओढा.

साडेसातच का? साडेसहाला सुरू करून लवकर संपवा ना.

या दिवसांत सांगलीत सूर्य मावळतोच साडेसहाच्या सुमारास. पुढे अर्धा तास आकाशात उजेड असतो आणि तेवढा उजेड कुठल्याही प्रोजेक्टरला भारी पडतो. सातला आरती, साडेसातला चित्रपट. याच्या आधी लावून पाहायचं तर रिकामा पांढरा पडदा बघावा लागेल.

चित्रपट "सावकाश चालवणार" म्हणजे काय?

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं पडायची. पुढे बोलपट आले तेव्हा २४ हा वेग ठरला. जुनी फिल्म २४ च्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, आणि आपल्याला वाटतं त्या काळी सगळे तसेच चालायचे. आपल्याकडच्या प्रतीत तसं होतंय. १८ भागिले २४ म्हणजे पाऊण, म्हणून व्हीएलसीमध्ये वेग ०.७५ ठेवून पाहिलं. यशोदा माणसासारखी चालायला लागली.

पण हे डोळ्यांनी ठरवायचं काम आहे, आकड्याने नव्हे. काही प्रती आधीच सावकाश करून दिलेल्या असतात. त्या आणखी पाऊणपट केल्या तर सगळे पाण्यात चालल्यासारखे दिसतात. चालणारा माणूस किंवा ओतलेलं पाणी बघायचं, म्हणजे लगेच कळतं.

बसायची व्यवस्था?

पडद्यापासून १० फुटांवर सतरंज्या, १८ फुटांपर्यंत. त्या मुलांसाठी. त्यामागे ९० खुर्च्या, दहाच्या नऊ रांगा, मधे चार फुटांची वाट. शेवटची रांग साधारण ४५ फुटांवर येते, तिथूनही चेहरे ओळखू येतात. ज्येष्ठांसाठी तिसरी आणि चौथी रांग राखीव आहे. पहिली नाही, कारण तिथून मान वर करावी लागते: पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर आहे आणि वरची तेरावर. याच उंचीमुळे कार्यक्रम पार्किंगमध्ये घेता आला नाही. तिथे माणूस हात वर करून छताला लावतो.

प्रोजेक्टर पडद्यापासून १९-२० फुटांवर, म्हणजे सतरंज्यांच्या लगेच मागे, मधल्या वाटेत उंच स्टॅंडवर असेल. तो सगळ्यांच्या मागे का नाही, असं दोघांनी विचारलं. त्याच्या भिंगाला १२ फुटांचं चित्र तेवढ्याच अंतरावरून जमतं. मागे नेला तर चित्र पडद्याबाहेर सांडतं. त्यामुळे मुलं उभी राहिली की त्यांच्या सावल्या कालिया नागावर पडणार. त्याला इलाज नाही, पण स्टॅंडला आणि वायरीला कोणी धडकू नये म्हणून दोन तरुण तिथे बसवले आहेत.

गाणं-बजावणं करणारे कुठे बसणार? आवाजाचा त्रास होईल का?

पडद्याच्या डाव्या अंगाला, तिरके, म्हणजे त्यांना पडदा दिसेल. त्यांना पडदा दिसला नाही तर लोणी चोरताना झुंजीचा तबला वाजेल. पेटीला एक माइक, तबल्याला एक, जोशी काकूंना एक. स्पीकर त्यांच्या पुढे ठेवायचे, मागे नाही. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला की ती कान फाडणारी शिट्टी वाजते. गेल्या वर्षी बक्षीस समारंभात ती सगळ्यांनी ऐकली आहे.

आवाजाबद्दल: ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहे. उत्सवातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत मुभा मिळते, पण ती शासनाने जाहीर केलेल्या दिवसांपुरतीच आणि आपल्याला तिची गरज नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खरं सांगायचं तर ढोलताशाच्या आठवड्यात ५५ ऐकूही येत नाही. तरी आपले दोन स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून असतील आणि साडेनऊला आवाज बंद. ज्यांच्याकडे आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे, त्यांनी आधी सांगावं, त्या बाजूचा स्पीकर आणखी वळवू.

लाइट गेली तर?

या दिवसांत जाते, हे धरूनच चाललोय. सोसायटीचा जनरेटर लागायला दहा-पंधरा सेकंद लागतात. माणसाला ते काहीच नाही, पण प्रोजेक्टरला खूप. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक बंद झाला की आतला पंखाही थांबतो, दिवा तापलेलाच राहतो, आणि थंड होईपर्यंत तो परत लागत नाही. पंधरा सेकंदांची लाइट पाच मिनिटांना पडते. घाईने सारखं बटण दाबलं तर दिवा कायमचा जाऊ शकतो, त्याचा भुर्दंड आपल्यावर. म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर घेतले आहेत. स्पीकर यूपीएसवर नाहीत. लाइट गेली तर पंधरा सेकंद बिनमाइकचा तबला ऐका.

वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, अर्थिंग असलेल्या प्लगमधूनच घेतली जाईल. पावसाळी ओल आहे, त्यामुळे वायर जमिनीवरून न नेता कुंपणाच्या बाजूने उंचावरून नेऊ.

पाऊस आला तर?

संध्याकाळी पाच वाजता आकाश बघून ठरवू. पडदा तोपर्यंत बांधायला घेणार नाही. परतीचा पाऊस आपल्याकडे वारा घेऊन येतो, आणि १०८ चौरस फुटांचं कापड म्हणजे होडीचं शीड. चारही कोपरे दोरांनी ताणून पायांवर वाळूची पोती टाकणार आहोत, तरी जोराचा वारा सुटला तर पडदा उतरवायचा, वाट बघत बसायचं नाही. हे ऑपरेटरला लिहून दिलंय.

पाचला पाऊस असेल तर कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये, ८ बाय ६ च्या पडद्यावर. तिथे साठ माणसं बसतात, म्हणून ७:३० आणि ८:४५ असे दोन खेळ होतील. वादकांनी दोन्हींची तयारी ठेवली आहे. चित्रफितींचा भाग मग रविवारी सकाळी.

पाऊस पडून गेला तर आणखी एक पाहुणे येतात: पंखवाल्या वाळव्या. अंधारात एकच झोत दिसला की सगळ्या भिंगावर. ऑपरेटरजवळ मऊ ब्रश ठेवला आहे. पडद्यावर पंख फडफडताना दिसले तर तो चित्रपटाचा भाग नाही.

आमच्या घरच्या चित्रफिती कशा द्यायच्या?

पेनड्राइव्हवर, गुरुवारपर्यंत, ऑफिसात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फीत दाबून लहान होते आणि १२ फुटांवर सगळे चेहरे पुसलेले दिसतात. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोन आडवा धरून घेतलेली फीत द्या, एका घराची दोन मिनिटांपर्यंत. मागे चित्रपटाचं गाणं चढवू नका, वरचं सगळं वाचलं असेल तर का ते कळेल. दुसऱ्यांची मुलं दिसत असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा.

सोसायटीचा पाया खोदतानाची एक जुनी फीत सापडली आहे. त्यात कोण कोण आहे हे आत्ताच सांगत नाही.

पैशाचा हिशेब?

प्रोजेक्टर, पडदा आणि ऑपरेटर ४,०००. दोन स्पीकर, मिक्सर, तीन माइक २,५००. खुर्च्या ९० गुणिले ८, म्हणजे ७२०. यूपीएसचं भाडं ५००. काळं कापड, दोर, वाळूची पोती ६००. एकूण ८,३२०. आपले फ्लॅट ४२, सगळ्यांनी २०० दिले तर ८,४०० जमतात आणि ८० रुपये उरतात. सगळे देत नाहीत हा अनुभव आहे. कमी पडलं तर उत्सव वर्गणीच्या शिलकीतून घेऊ. मेंटेनन्सच्या पैशाला हात लावणार नाही. वादक आणि जोशी काकू मानधन घेत नाहीत.

भाडेकरूंनी यायचं का? पाहुणे आणले तर?

भाडेकरू सोसायटीचेच आहेत, हा प्रश्न परत विचारू नये. पाहुणे आणा, पण खुर्च्या ९० आहेत. घरचा पाट किंवा चटई आणली तर बरं.

गाड्या कुठे लावायच्या?

मोकळ्या जागेतल्या दुचाकी शनिवारी दुपारी चारपर्यंत मागच्या बाजूला न्याव्यात. चारनंतर राहिलेल्या गाड्या तरुण मंडळी उचलून ठेवतील. कुठे ठेवल्या ते शोधायचं काम मालकाचं.